गवारीचा भाव विचारला आणि राजस्थानचा मिळाला : एका उन्हाळी गवारीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या दाजींचं आहे, त्यांना विचारूनच लिहितोय, गाव आणि नावं मात्र सांगत नाही. मी पुण्यात मार्केट यार्डात एका गाळ्यावर ६ वर्षं पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, लिहायचं काम केलं, त्यामुळं भावाचा आकडा कागदावर कसा येतो हे मला आतून माहितीय. तरीपण या प्रकरणात एक चूक माझीही झाली, ती पुढं येईलच.

## पार्श्वभूमी

दाजी पुरंदर तालुक्यातले, वय ५२, दीड एकर बागायत. फेब्रुवारीत २० गुंठे गवार लावली होती, एप्रिलच्या सुरवातीला तोडा चालू झाला. ज्यांनी गवार केलीय त्यांना माहिती आहे, हे पीक थांबत नाही. तीन-चार दिवसांनी तोडा करावाच लागतो, नाहीतर शेंग जून होते, दोर धरते, मग तिला कोण विचारत नाही. आणि तोडायला बायका लागतात, शेंगेची लव हाताला खाजवते, त्यामुळं मजुरीचा खर्च मोठा. म्हणजे माल निघाला की त्याच संध्याकाळी ठरवायचं, कुठं द्यायचा.

दाजींना वाचता येतं, पण फोनवर मराठी टाईप करणं त्यांना जमत नाही. अक्षरं बारीक, बोटं राठ झालेली, एका जोडाक्षरापाशी पाच मिनिटं जातात. भाचीनं (११वीत आहे) त्यांना माईकचं बटन दाखवलं, म्हणाली पप्पा इथं दाबा आणि बोला. तिथून दाजींना नादच लागला. पाऊस, औषधाचं प्रमाण, बसचं टायमिंग, सगळं बोलून विचारायचे. भाव विचारायची वेळ गवारीमुळं आली.

## अडचण : आकडा चुकीचा होता, पण तसा वाटत नव्हता

पहिला धक्का पहिल्याच दिवशी बसला. शेताच्या बांधावर उभं राहून दाजी म्हणाले "गवारीचा आजचा भाव", आणि फोननं लिहिलं गंवार. खाली हिंदीतनं अर्थ आले, अडाणी, असभ्य वगैरे. दाजींना हिंदी एवढं येतं की ते कळलं. ताई सांगत होती, की त्यांनी फोन खिशात ठेवला आणि दोन दिवस त्याला काही विचारलंच नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण माणूस बोलून विचारायचं का सोडतो याचं कारण बऱ्याचदा असलं काहीतरी असतं, रेंज नाही म्हणून नाही.

झालं काय होतं, तर फोन ज्या दुकानातनं घेतला त्यानं आवाजाची भाषा हिंदी लावून दिली होती. स्क्रीनवरची अक्षरं मराठी, पण माईक ऐकत होता हिंदीतनं. या दोन सेटिंग वेगवेगळ्या असतात हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. हिंदीत गवार या भाजीचं नाव ग्वार, आणि गवार म्हणलं की त्याच्या कानाला गंवार जवळचा.

दोन दिवसांनी, मंगळवारी, तोडा झाल्यावर परत बोलले. यावेळी फोननं बरोबर पकडलं, म्हणजे दाजींना बरोबर वाटलं. वर आलं "ग्वार का भाव", खाली तक्ता, आणि आकडे सगळे ५ हजार दोनशे-तीनशेच्या आसपास. क्विंटलचा भाव. दाजींनी हिशोब केला, क्विंटलला ५२००, म्हणजे किलोला ५२. बांधावर जो व्यापारी येतो तो ४५ नं मागत होता. यार्डात न्यायचं तर टेंपो, हमाली, घट, सगळं जाऊन ५२ चे ४७ राहणार, मग दोन रुपयांसाठी रातभर कशाला जागा? १६० किलो माल ४५ नं दिला, ७२०० रुपये रोख घेतले.

तो तक्ता भाजीच्या गवारीचा नव्हताच. राजस्थानातल्या मंड्यांचा होता, जोधपूर, श्रीगंगानगर तिकडचा, आणि तो भाव होता वाळलेल्या गवार बीचा. पीक तेच, पण तिकडं ते बियांसाठी करतात. बियांपासून गवार गम निघतो, तो खाण्याच्या पदार्थांत घट्टपणासाठी वापरतात आणि जमिनीतनं तेल-वायू काढायच्या विहिरींतही वापरतात. २०१२ च्या सुमाराला अमेरिकेत अशा विहिरींसाठी गमला एवढी मागणी आली की गवार बीचा भाव क्विंटलला २० हजारांच्या पुढं गेला होता. आता सांगा, त्या भावाचा पुरंदरच्या कोवळ्या शेंगेशी काय संबंध?

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की आकडा जर वेडावाकडा असता, ५०० किंवा ३० हजार, तर दाजींना लगेच शंका आली असती. ३५ वर्षं शेती केलेला माणूस आहे. पण ५२ रुपये किलो हा उन्हाळ्यात गवारीला शोभणारा भाव आहे. वाळलेल्या बीचा क्विंटलचा भाव आणि हिरव्या शेंगेचा भाव योगायोगानं एकमेकांच्या शेजारी आले होते, म्हणून चूक झाकून गेली.

कळलं कसं? दुसऱ्या दिवशी शेजारच्यांची पट्टी आली. त्यांची गवार तशीच, त्याच दिवशीच्या तोड्याची, यार्डात १० किलोला ६५० नं गेली होती. दाजींचा फोन आला, "पाव्हणं, फोन खोटं बोलतो का ओ?"

मी हिशोब करून बघितला. १६० किलो यार्डात पोचेपर्यंत सुकून १५६ भरले असते. ६५ नं १०१४० रुपये. ६ गोण्या होत्या, गोणीला ५० टेंपोभाडं आणि साधारण २० हमाली-तोलाई वगैरे, म्हणजे ४२० गेले. हातात ९७२० आले असते. मजुरी दोन्हीकडं सारखीच, ती धरायची गरज नाही. म्हणजे एका संध्याकाळी २५२० रुपये कमी मिळाले.

## काय काय करता येत होतं

मी त्या आठवड्यात गावाला गेलो तेव्हा ओसरीवर बसून आम्ही चार गोष्टी बोललो.

एक म्हणजे फोनचा नाद सोडायचा आणि शेजाऱ्यांना विचारून चालायचं. ताईचं हेच म्हणणं होतं. पण शेजाऱ्यांची पट्टी येते माल विकल्यावर, तोवर आपला माल गेलेला असतो.

दुसरं, सरळ गाळ्यावर फोन लावून विचारायचं. हे आजही चांगलं आहे, पण आडत्याला आपला माल यावा असं वाटणारच, तो पडलेला भाव कशाला मोठ्यानं सांगेल? मी स्वतः गाळ्यावर होतो म्हणून सांगतो, खोटं बोलत नाहीत, पण "या घेऊन, बघू" असं म्हणतात. तेवढ्यावर टेंपो भरायचा का, हा प्रश्न राहतोच.

तिसरं, भाचीनं रोज संध्याकाळी बघून सांगायचं. ती क्लासवरनं येते सातला आणि व्यापारी येतो साडेपाचला.

चौथं, बोलूनच विचारायचं पण नीट विचारायचं. दाजींना हेच करायचं होतं. म्हणाले, मला माझं मला बघता आलं पाहिजे.

## काय केलं

पहिलं, आवाजाची भाषा बदलली. सेटिंगमध्ये व्हॉइसच्या भाषेत "मराठी (भारत)" केलं आणि हिंदीची खूण काढून टाकली. काढणं महत्त्वाचं, दोन्ही ठेवल्या तर काही शब्द परत हिंदीकडं ओढले जातात. आमच्या इथं खास करून ळ असलेली नावं बिघडायची, आळेफाटा म्हणलं की आले फाटा यायचं आणि खाली आल्याचे भाव.

दुसरं, वाक्य ठरवलं. नुसतं गवारीचा भाव नाही, तर "गवार भाजी पुणे बाजार समिती आजचे बाजारभाव". भाजी शब्दानं बी गळून पडलं आणि पुणे शब्दानं राजस्थान. "मार्केट यार्ड" म्हणलं तर नकाशा उघडायचा, रस्ता दाखवायला लागायचा, म्हणून बाजार समिती. हे वाक्य भाचीनं मोठ्या अक्षरात लिहून पंपाच्या खोलीत चिकटवलं. शेतात वाऱ्यात, मोटर चालू असताना बोललं की अर्धं वाक्य जातं, त्यामुळं खोलीत येऊन दार लोटून बोलायचं असं ठरलं.

तिसरं, आलेल्या उत्तरात काय बघायचं ते. पहिला रिझल्ट बऱ्याचदा एखादी बातमी असते आणि ती मागच्या वर्षीच्या एप्रिलची पण असू शकते, भाव मोठ्या अक्षरात आणि तारीख बारीक. तसं एकदा आलंही. व्हिडिओ असले तर वर लिहिलेला भाव हा त्या दिवशीचा सगळ्यात जास्तीचा, दोन-चार गोण्यांना मिळालेला. म्हणून आम्ही ठरवलं की राज्य कृषी पणन मंडळाच्या साईटवरचा तक्ताच उघडायचा. त्यात बाजार समिती, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. आता इथंपण बघावं लागतं, कारण पुणे नावाच्या ओळी एकापेक्षा जास्त येतात, पुणे, पुणे-मोशी, पुणे-पिंपरी, पुणे-खडकी अशा. गुलटेकडीचं यार्ड म्हणजे नुसतं "पुणे". दाजी पहिल्यांदा मोशीची ओळ वाचत होते.

आणि परिमाण क्विंटल. यार्डात तोंडी भाव १० किलोवर चालतो, बांधावरचा व्यापारी किलोवर बोलतो, तक्ता क्विंटलवर. ६५०० चे शेवटचे दोन शून्य काढले की किलो, एक शून्य काढलं की १० किलो. हे सांगायला सोपं आहे, पण संध्याकाळी घाईत, समोर व्यापारी काटा अडकवून उभा, तेव्हा गोंधळ होतो. दाजींनी खोलीत त्या वाक्याच्या खालीच हेपण लिहून घेतलं.

एवढं झाल्यावर मी निघताना सांगितलं, "दाजी, सर्वसाधारण दर बघा आणि त्याच्यावर हिशोब करा." ही माझी चूक.

## दुसरा धक्का : माहिती बरोबर, तरी तोटा

त्याच आठवड्यात शुक्रवारी दाजींनी बोलून विचारलं, बरोबर तक्ता आला, तारीख आजची, ओळ पुण्याची. कमीत कमी ५०००, जास्तीत जास्त ८०००, सर्वसाधारण ६५००. तोडा शुक्रवारीच करायचा होता, पण यार्डाला शनिवारी सुट्टी असते, म्हणून त्यांनी एक दिवस थांबून शनिवारी तोडला आणि रात्री टेंपोत टाकला. व्यापारी शनिवारी ५० नं मागत होता, त्याला नाही म्हणले. १७० किलो माल.

रविवारी सकाळी पट्टी १० किलोला ५२० ची. माल भरला १६६ किलो, ८६३२ रुपये, ४२० खर्च जाऊन ८२१२. व्यापाऱ्याला बांधावर दिला असता तर ८५०० रोख मिळाले असते. २८८ रुपये कमी आणि रात्रीचं जागरण वेगळं.

मी गाळ्यावरच्या जुन्या मित्राला फोन करून विचारलं. तीन कारणं एकावर एक आली होती.

रविवार हा यार्डात सगळ्यात मोठ्या आवकेचा दिवस. शनिवारच्या सुट्टीमुळं दोन दिवसांचा माल एकदम उतरतो. शुक्रवारचा भाव हा शुक्रवारच्या आवकेचा भाव होता, रविवारशी त्याची गाठ नाही. मला हे माहिती होतं, सहा वर्षं रविवारीच हात दुखेपर्यंत पट्ट्या लिहिल्यात, पण दाजींना सांगायचं राहून गेलं.

दुसरं, आपण जो "आजचा भाव" बघतो तो पहाटे झालेल्या व्यवहारांचा असतो आणि दुपारनंतर तक्त्यात चढतो. आपला माल विकणार उद्या पहाटे. म्हणजे कितीही ताजा आकडा असला तरी तो एक बाजार मागं असतो, आणि शुक्रवार-रविवारच्या मध्ये तर दोन दिवस जातात.

तिसरं, एक दिवस थांबल्यामुळं शेंग फुगली. भावाची वाट बघितली आणि तेवढ्यात मालाची प्रत उतरली. यार्डात त्या दिवशी कोवळी गवार ७०० पर्यंत गेलीच होती, आमची जून-कोवळी मिसळलेली होती.

आणि इथं सर्वसाधारण दराची गोष्ट येते. ५००० आणि ८००० ची बेरीज करून अर्धं करा, बरोबर ६५०० येतात. आम्ही मागच्या आठ-दहा दिवसांच्या ओळी काढून बघितल्या, बहुतेक दिवशी तो दर अगदी मधला आकडा होता. नावावरनं वाटतं की बहुतेक माल या भावात गेला, पण आकडा असा रोज मधोमध पडत असेल तर तो आपण मध्यबिंदू म्हणूनच वाचला पाहिजे. बहुतेक गोण्या खालच्या टोकाला विकल्या आणि थोड्याच वरच्या टोकाला, तरी मधला आकडा तोच राहतो. ओळखायची खूण एवढीच, कमीत कमी आणि जास्तीत जास्त मिळवून दोननं भागायचं. चार दिवस जुळलं तर दोन्ही टोकं धरून चालायचं आणि आपला माल कोणत्या टोकाचा आहे हे स्वतः प्रामाणिकपणे ठरवायचं. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं.

## निर्णयाची नवी रीत

यानंतर दाजींनी जी रीत बसवली ती त्यांची स्वतःची आहे, मी फक्त आकडे मांडले.

यार्डात न्यायचा खर्च आणि घट मिळून किलोला साधारण ४ ते साडेचार रुपये पडतात (४२० रुपये १६० किलोवर म्हणजे अडीचच्या वर, आणि ४ किलो घट म्हणजे दीडेक रुपया). त्यांनी ते ५ धरले. यार्डाचा भाव आणि व्यापाऱ्याचा भाव यात ५ पेक्षा जास्त फरक असला तर यार्ड, नाहीतर बांधावर. यार्डाचा भाव म्हणजे कोणता? माल कोवळा आणि बाजार मधल्या वारचा असेल तर मधला आकडा. रविवारचा बाजार असेल किंवा शेंग फुगली असेल तर सरळ कमीत कमी दर धरायचा. त्या शनिवारी ही रीत असती तर कमीत कमी ५०, व्यापारी ५०, फरक शून्य, माल बांधावर गेला असता आणि ते बरोबर ठरलं असतं.

तोड्याचा दिवस मात्र भावासाठी हलवायचा नाही, हे ताईनं ठरवलं आणि सगळ्यांनी मान्य केलं.

पुढच्या बुधवारी असं झालं. आदल्या दिवशीच्या तक्त्यात ५५०० ते ७०००, मधला ६२५०. व्यापारी ४८ पासून सुरू झाला. दाजी म्हणाले, "यार्डात काल कमीत कमी पंचावन्न होता शेठ, ही बघा ओळ", आणि फोन पुढं केला. तो ५४ पर्यंत आला. फरक साडेआठचा राहिला म्हणून माल यार्डात गेला, १५० किलो, ५ गोण्या. १० किलोला ६०० भेटले, १४६ किलोचे ८७६०, खर्च ३५० जाऊन ८४१०. बांधावर ८१०० आले असते. ३१० रुपये जास्त.

## निकाल

त्या पहिल्या फसलेल्या मंगळवारनंतर एकूण ८ तोडे झाले. ४ यार्डात, ४ बांधावर. यार्डातल्या चारपैकी रविवारचा तो एक तोट्यात, बाकी तीन फायद्यात, पण फायदा दरवेळी तीनशे-चारशेचाच. खरा फरक बांधावर पडला. पूर्वी व्यापारी भाव सांगायचा आणि दाजी हो किंवा नाही म्हणायचे. आता ओळ दाखवून बोलणं होतं, आणि शेवटच्या चारही तोड्यांना तो ५० च्या खाली आला नाही. त्याच्याशी संबंध बिघडले नाहीत, उलट एकदा टेंपो बंद पडला तेव्हा रात्री आठला येऊन त्यानंच माल उचलला.

## वेगळं काय करता आलं असतं

फोन घेतला त्याच दिवशी माईकची भाषा तपासली असती तर पहिले २५२० वाचले असते. तपासायची रीत आता आम्ही सगळ्यांना सांगतो, माईक दाबून "वाळलेली डाळ" म्हणायचं, ळ नीट उमटला तर मराठी ऐकतोय.

तक्त्यात भाव बघायच्या आधी जागेचं नाव बघायचं, ही सवय पहिल्या दिवशी असती तर जोधपूर वाचूनच दाजी थांबले असते. त्यांचं म्हणणं, आकडा दिसला की डोळा दुसरीकडं जातच नाही. म्हणून आता ते भाची शेजारी असली तर ओळ मोठ्यानं वाचतात, आधी बाजार, मग तारीख, मग परिमाण, सगळ्यात शेवटी भाव.

माझ्याकडनं, मी रकाना सांगितला पण तो भरतो कसा हे सांगितलं नाही.

गवार मोडली आता. जूनमध्ये पाऊस झाला की त्या २० गुंठ्यांत वाटाणा करायचा आहे, आमच्या तालुक्यात पावसाळी वाटाणा चांगला येतो. दाजींनी परवा सहज माईक दाबून "वाटाण्याचा भाव" विचारलं, तर किराणा दुकानातल्या सुक्या वाटाण्याचे भाव आले. या वेळी त्यांनी आधी बाजाराचं नाव वाचलं, हसले, आणि खोलीतल्या कागदावर भाचीकडनं नवं वाक्य लिहून घेतलं, "हिरवा वाटाणा शेंग पुणे बाजार समिती आजचे बाजारभाव".